यादीत नाव आहे, पण पैसे मागणारी कंपनी तीच आहे का?

वाचकाचे पत्र (थोडक्यात)

सातारा जिल्ह्यातील एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. मिरची कांडप यंत्र आणि नवी मोटर घेण्यासाठी 4 लाख रुपयांचे कर्ज हवे आहे. एका फायनान्स कंपनीच्या माणसाचा फोन आला. जामीनदाराशिवाय, 9 टक्के व्याजाने, 3 वर्षांसाठी कर्ज मंजूर झाल्याचे त्याने सांगितले. व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आणि रिझर्व्ह बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र पाठवले. आता 6,800 रुपये फाइल चार्ज आणि त्यावर जीएसटी भरायला सांगत आहेत. पैसे भरायचे खाते कोणत्या तरी 'एंटरप्रायझेस'च्या नावाचे आहे. माझ्या भाच्याने रिझर्व्ह बँकेची यादी तपासली, त्यात कंपनीचे नाव आहे. गावातली पतसंस्था 14 टक्क्यांनी कर्ज देते, पण तिचे नाव त्या यादीत नाही, म्हणून तिची भीती वाटते. आधार आणि पॅनची प्रत मी कंपनीला पाठवली आहे. पैसे भरू का?

उत्तर

प्रिय भगिनी,

पैसे भरू नका. उद्या सकाळी 'मुदत संपते' असा फोन आला तरी भरू नका. तुम्ही जोडलेल्या दोन्ही कागदांच्या प्रती मी यादीशी ताडून पाहिल्या आणि त्यांत जे दिसले ते खाली सविस्तर मांडले आहे. तुमच्या भाच्याने यादी उघडून पाहिली हे योग्यच केले, कारण बहुतेक माणसे तेवढेही करत नाहीत. मात्र त्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळवले आणि त्यावरून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मिळाल्याचे तुम्ही धरून चालला आहात. या नावाची कंपनी नोंदणीकृत आहे का, हा पहिला प्रश्न. तुम्हाला फोन करणारा माणूस त्या कंपनीचा आहे का, हा दुसरा. यादी फक्त पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि फसवणूक दुसऱ्या प्रश्नाच्या जागी होते.

आधी ती यादी काय आहे ते पाहू. रिझर्व्ह बँक अधिनियम, 1934 मधील कलम 45-आयए नुसार कोणत्याही बिगर-बँकिंग वित्तीय कंपनीला, म्हणजे बोलीभाषेतील एनबीएफसीला, रिझर्व्ह बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र घेतल्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही. अशा कंपन्यांच्या याद्या रिझर्व्ह बँक आपल्या संकेतस्थळावर एक्सेल फाइलच्या रूपात ठेवते आणि त्या येथे मिळतात:

```
https://www.rbi.org.in/Scripts/BS_NBFCList.aspx
```

या पानावर नोंदणी चालू असलेल्या कंपन्यांबरोबरच नोंदणी रद्द झालेल्या कंपन्यांचीही यादी असते. म्हणून नाव सापडले की ते नेमके कोणत्या फाइलमध्ये सापडले आणि ती फाइल कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे आधी पाहावे. तुमच्या भाच्याने मोबाइलवर नाव शोधले असेल, तर तो रद्द झालेल्या कंपन्यांच्या फाइलवरही पोहोचू शकला असता. तसे झालेले नाही, तुम्ही कळवलेले नाव चालू नोंदणीच्या यादीतच आहे. तरीही इतर वाचकांनी ही खात्री वगळू नये.

आता फाइलमधील एका ओळीकडे लक्षपूर्वक पाहा. कंपनीच्या नावापुढे रिझर्व्ह बँकेचे संबंधित प्रादेशिक कार्यालय, ठेवी स्वीकारण्याची परवानगी आहे की नाही, कंपनीचा प्रकार, कॉर्पोरेट ओळख क्रमांक म्हणजे सीआयएन, पत्ता आणि ई-मेल अशी माहिती असते. या सगळ्यात नावावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा. वित्त व्यवसायातील नावे एकमेकांसारखी असतात. 'फिनकॅप' आणि 'फिनकॉर्प', 'क्रेडिट' आणि 'क्रेडिट्स', 'लिमिटेड' आणि 'प्रायव्हेट लिमिटेड' एवढ्याशा फरकाने कंपनी निराळी होते. सीआयएन मात्र दोन कंपन्यांना एकच असू शकत नाही. तो बरोबर 21 अक्षर-अंकांचा असतो. पहिले अक्षर शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीसाठी L आणि नसलेल्या कंपनीसाठी U असते, त्यानंतर व्यवसायाचे 5 अंक, मग राज्याची दोन अक्षरे (महाराष्ट्रासाठी MH), मग स्थापनेचे वर्ष, मग कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरे, आणि शेवटी 6 अंकी नोंदणी क्रमांक येतो.

तुमच्या मंजुरीपत्राच्या तळाशी बारीक टायपात सीआयएन छापला आहे. मी तो मोजला, तेव्हा तो 20 अक्षर-अंकांचाच निघाला, शेवटच्या क्रमांकातील एक अंक गळला आहे. यादीत त्याच नावाची जी कंपनी आहे, तिच्या क्रमांकात राज्याची अक्षरे TN म्हणजे तामिळनाडूची आहेत, तर तुमच्या पत्रावरील क्रमांकात MH आहे. यादीतील कंपनीचा ई-मेल तिच्या स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाचा आहे, तर तुमच्या पत्रावरचा पत्ता कोणालाही दोन मिनिटांत मोफत उघडता येईल असा आहे. प्रमाणपत्र म्हणून जो कागद आला आहे, त्यावर रिझर्व्ह बँकेची मुद्रा, गव्हर्नरांच्या नावाची सही आणि खाली तुमचे नाव व कर्जाची रक्कम आहे. एवढ्यावरूनच तो कागद खोटा ठरतो, कारण रिझर्व्ह बँक कंपनीची नोंदणी करते, कोणा एका ग्राहकाचे कर्ज ती मंजूर करत नाही आणि कर्जदाराच्या नावाने तसे प्रमाणपत्रही देत नाही. यादीतील खऱ्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण तिचे नाव कोणीतरी वापरले आहे आणि यात तिचा दोष दिसत नाही.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. तुमच्या बाबतीत सीआयएन चुकला म्हणून गोष्ट लवकर लक्षात आली. पुढचा ठकसेन खऱ्या कंपनीचा क्रमांक एकही अंक न चुकवता छापेल, कारण तो कंपनीच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसतो. क्रमांक जुळला नाही तर कागद खोटा समजावा, पण क्रमांक जुळला म्हणून कागद खरा मानू नये. म्हणून नोंदणी तपासून झाल्यावर चौकशीची दिशा उलटी करावी लागते, म्हणजे आपल्याला फोन करणाऱ्यामार्फत कंपनीपर्यंत न जाता यादीतून थेट कंपनीकडे जायचे आणि तिच्याकडून त्या माणसाची खात्री करून घ्यायची.

हे करण्याची रीत सोपी आहे, पण वाट नेमकी धरावी लागते. यादीत कंपनीसमोर दिलेल्या ई-मेलवर मंजुरीपत्राची प्रत पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: हा अर्ज क्रमांक तुमचा आहे का, या नावाचा माणूस तुमचा कर्मचारी किंवा अधिकृत एजंट आहे का, आणि ज्या खात्यात पैसे भरायला सांगितले आहे ते तुमचे आहे का. कंपनीची शाखा साताऱ्यात, कराडला किंवा पुण्यात असेल तर कागद घेऊन तेथे समक्ष जाणे अधिक चांगले. पत्रावर छापलेल्या क्रमांकावर मात्र फोन करू नका, कारण तो क्रमांक ज्याने पत्र छापले त्याचाच असणार. इंटरनेटवर कंपनीचे नाव आणि 'कस्टमर केअर' असे शब्द टाकून समोर येणारा पहिला क्रमांकही घेऊ नका, कारण ठकसेनांनी तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. एजंट असणे हा स्वतःहून गुन्हा नाही आणि खऱ्या कंपन्याही एजंटांमार्फत ग्राहक मिळवतात, पण मग 'हा आमचा एजंट आहे' हे कंपनीने सांगायला हवे, एजंटने स्वतः सांगणे पुरेसे नाही.

पैशांच्या वाटेकडेही पाहा, कारण कागदांपेक्षा ती अधिक खरे बोलते. कर्ज देणारी कंपनी एक आणि शुल्क घेणारी 'एंटरप्रायझेस' दुसरीच, यालाच तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकले आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रकरणातील सर्वांत मोठी खूण तीच आहे. प्रक्रिया शुल्क घेणे नियमबाह्य नाही. खऱ्या कर्जात ते सहसा कर्जाच्या रकमेतून वजा होते किंवा कंपनीच्याच नावाच्या खात्यात पावती घेऊन भरले जाते, आणि करार करण्यापूर्वी मिळणाऱ्या कागदात त्याची नोंद असते. तुमच्याकडे आज 6,800 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 8,024 रुपये मागितले आहेत. ते भरले तर प्रकरण तेथे थांबेल असे समजू नका. अशा प्रकरणांत त्यानंतर विम्याचा हप्ता, मग 'परत मिळणारा' पहिला हप्ता, मग टीडीएस किंवा एनओसीचे पैसे अशी एकामागून एक मागणी येते, आणि आधीचे बुडतील या भीतीने माणूस पुढचे भरत जातो.

ज्या कागदाचा उल्लेख केला तो म्हणजे मुख्य तथ्यांचे विवरण, बँकांच्या भाषेत केएफएस. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार, 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तींना आणि छोट्या उद्योगांना दिल्या जाणाऱ्या नव्या मुदत कर्जांसाठी ते द्यावे लागते. त्यात व्याजासह सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो आणि त्यात न लिहिलेले शुल्क नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तुम्हाला दोन पानी मंजुरीपत्र मिळाले, पण हे विवरण मिळाले नाही. नोंदणीकृत कंपनीकडे ते मागितले तर ती देते, आणि बनावट माणूस विषय बदलतो. मागून पाहायला काहीच हरकत नाही.

या निमित्ताने 9 आणि 14 टक्क्यांच्या तुलनेबद्दलही सांगतो, कारण तुमचा कल बहुधा त्या फरकामुळेच तिकडे झुकला आहे. घटत्या शिलकीवर 9 टक्के धरले तर 4 लाखांचा 36 महिन्यांचा हप्ता सुमारे 12,720 रुपये येतो आणि 14 टक्क्यांनी सुमारे 13,670 रुपये, म्हणजे महिन्याला साधारण 950 रुपयांचा फरक पडतो. पण तुमच्या मंजुरीपत्रात 9 टक्के घटत्या शिलकीवर की मूळ रकमेवर सपाट, हे कोठेही लिहिलेले नाही. सपाट असेल तर 3 वर्षांचे व्याज 1,08,000 रुपये होते आणि हप्ता सुमारे 14,110 रुपयांवर जातो, म्हणजे पतसंस्थेच्या 14 टक्क्यांपेक्षाही महाग, अर्थात पतसंस्थेचे 14 टक्के घटत्या शिलकीवर असतील तर. ते तिला विचारून घ्या.

आता तुमच्या दुसऱ्या समजाकडे वळतो. पतसंस्थेचे नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाही म्हणून ती संशयास्पद आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पण ते नाव तेथे असण्याचे कारणच नाही. ती यादी कंपन्यांची आहे. पतसंस्था ही सहकारी संस्था असते, राज्यातील पतसंस्थांची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार होते आणि त्यांच्यावर सहकार खात्याची देखरेख असते. तिची नोंद तपासायची असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या किंवा जिल्ह्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन विचारावे. संस्थेचे काम एकाहून अधिक राज्यांत चालत असेल तर तिची नोंद केंद्रीय निबंधकांकडे असते. म्हणून तपासणीची सुरुवात 'यादीत नाव आहे का' या प्रश्नाने न करता 'कर्ज देणारा कोणत्या प्रकारचा आहे' या प्रश्नाने करावी.

हे प्रकार इतर वाचकांसाठीही सांगून ठेवतो. गावातला सावकार ही व्यक्ती आहे, कंपनी नाही, त्यामुळे त्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली परवाना लागतो आणि तोही सहकार खात्याच्याच कार्यालयात तपासता येतो, मात्र परवान्याची मुदत अवश्य पाहावी. नावात 'निधी लिमिटेड' असलेल्या कंपन्या कंपनी कायद्याखाली केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे येतात आणि त्या केवळ आपल्या सभासदांना कर्ज देऊ शकतात, तेव्हा फोनवरून अनोळखी माणसाला कर्ज देऊ करणारी निधी कंपनी दिसली तर सावध व्हावे. गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांची वेगळी यादी राष्ट्रीय आवास बँकेच्या संकेतस्थळावर असते. आणि एक गोष्ट फार जणांना चकवते: कंपनी स्थापन झाल्याचे प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी किंवा दुकान परवाना यांपैकी कशानेही कर्जाचा व्यवसाय करण्याचा अधिकार मिळत नाही. mca.gov.in वर कंपनीचे नाव दिसते याचा अर्थ ती कंपनी म्हणून अस्तित्वात आहे, एवढाच.

ॲपवरून कर्ज घेणाऱ्यांसाठी तपासणीत एक पायरी वाढते. ॲपचे नाव आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव बहुधा वेगळे असते, म्हणून आधी ॲपमध्ये कंपनीचे पूर्ण नाव शोधावे आणि मग त्या नावाची नोंदणी पाहावी. रिझर्व्ह बँकेने 1 जुलै 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर कर्ज देणाऱ्या ॲपची निर्देशिका खुली केली आहे, तिच्यात ॲप आणि त्यामागील बँक किंवा कंपनी यांची सांगड दिसते. ही माहिती मात्र त्या बँका आणि कंपन्याच भरतात, रिझर्व्ह बँक ती पडताळून छापत नाही, हे लक्षात असू द्यावे. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम कंपनीच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते, मध्यस्थाचे शुल्क कंपनीने द्यायचे असते, आणि परतफेडही थेट कंपनीच्या खात्यात जावी लागते. ॲपवाला एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागत असेल तर निर्देशिकेत ॲपचे नाव असले तरी थांबावे.

नोंदणी असणे म्हणजे नेमके काय मिळणे, याचीही मर्यादा समजून घेतली पाहिजे. रिझर्व्ह बँक नोंदणी देते म्हणून ती कंपनीच्या आर्थिक भक्कमपणाची हमी घेत नाही, आणि नोंदणीकृत कंपनीही महाग कर्ज देऊ शकते किंवा वसुलीला उर्मट माणसे पाठवू शकते. मग नोंदणी पाहायची कशाला? कारण वाद झाला तर दाद मागायला जागा उरते. नोंदणीकृत कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बनावट कंपनीविरुद्ध लोकपाल काही करू शकत नाही, तेथे पोलीसच लागतात. पतसंस्थेबाबतची तक्रार सहकार खात्याकडे जाते. कर्ज घेण्यापूर्वीच हे दार कोणते ते माहीत असावे.

आधार आणि पॅनच्या प्रती तुम्ही पाठवून बसला आहात, त्याबद्दल घाबरून जाऊ नका, पण हातावर हात ठेवूनही बसू नका. आधारची बायोमेट्रिक माहिती एमआधार ॲपवरून किंवा आधारच्या संकेतस्थळावरून लॉक करता येते, ती आजच करा. येत्या काही महिन्यांत आपल्या नावावर भलतेच कर्ज तर निघाले नाही ना, हे पाहण्यासाठी पतअहवाल मागवा. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क यांच्याकडून, वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तेव्हा चारही एकदम न मागवता तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवला तर वर्षभर लक्ष ठेवता येते. रद्द केलेला धनादेश किंवा बँकेचा ओटीपी यापुढे त्या माणसाला देऊ नका. व्हॉट्सॲपवरील संभाषण, पत्रे आणि फोन क्रमांक जपून ठेवा, आणि मग sachet.rbi.org.in या रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर या कागदांसह तक्रार नोंदवा. तुम्ही पैसे भरलेले नाहीत, तरीही cybercrime.gov.in वर तक्रार करता येते. ज्या वाचकांचे पैसे गेले असतील त्यांनी मात्र पोर्टलच्या नादी न लागता प्रथम 1930 या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

कांडप यंत्राचे कर्ज अजून हवेच आहे, म्हणून सोमवारी पतसंस्थेत जाताना काय विचारायचे तेही लिहितो. नोंदणी क्रमांक आणि मागील वर्षीचा लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा, व्याज घटत्या शिलकीवर आहे का ते लेखी घ्या, सभासदत्वासाठी भाग-भांडवल किती कापणार आणि कर्ज फिटल्यावर ते परत कसे मिळते ते समजून घ्या, आणि तोच नोंदणी क्रमांक घेऊन सहायक निबंधकांच्या कार्यालयात एकदा जाऊन या. त्याच फेरीत तुमच्या बचत खात्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत मुद्रा योजनेखाली यंत्रासाठी कर्ज मिळते का, हेही विचारा. पिठाच्या गिरणीसारख्या लघुउद्योगाचे 4 लाख त्या योजनेच्या मर्यादेत बसतात आणि तिच्यात तारण मागितले जात नाही. यंत्र विक्रेत्याकडून कोटेशन आणि गिरणीच्या वीज बिलाच्या मागील काही महिन्यांच्या प्रती सोबत ठेवल्या तर दोन्ही ठिकाणी पुन्हा चक्कर मारावी लागणार नाही.